पोटातल्या बाळाला कविता लिहिताना: "लवकर ये" ही ओळ आधी खोडा

"ताई, मला २८वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. त्याच्यासाठी कविता लिहितेय पण ती ग्रीटिंग कार्डासारखी वाटते. आनंद खूप आहे आणि थोडी भीतीपण आहे, दोन्ही यायला हवंय. रात्री हालचाल जाणवली नाही की मी डाव्या कुशीवर वळून पोटावर हात ठेवून मोजत बसते, काल जेवताना त्याला उचकी लागली तर घास हातात धरून बसून राहिले, पण असलं सगळं कवितेत कसं लिहिणार? अभंगात वगैरे लिहू का? आत्तापर्यंत एवढंच झालंय:

माझ्या इवल्याशा स्वप्ना, तू लवकर ये
तुझ्या येण्याने उजळेल माझं जग
कधीकधी भीती वाटते मला खूप
पण तू आलास की सगळं ठीक होईल"

कवितेआधी एक गोष्ट सांगते, मग निवांत बोलू. २८ आठवड्यांनंतर बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली तर सकाळ व्हायची वाट बघू नका, तेव्हाच डॉक्टरांना किंवा हॉस्पिटलला फोन करा, मध्यरात्र असली तरी. बाळं पोटात झोपतात, साधारण वीस ते चाळीस मिनिटं सलग, त्यामुळे थोडा वेळ शांत असणं नेहमीचंच असतं, पण तुमच्या बाळाची रोजची लय तुम्हालाच माहीत आहे आणि ती मोडल्यासारखी वाटली की फोन. पुढे मी ह्याच मोजण्याबद्दल कविता म्हणून बोलणार आहे म्हणून हे आधी.

आता कविता. तुम्ही "असलं सगळं कवितेत कसं लिहिणार" असं म्हणालात ना, ते असलं सगळं म्हणजेच तुमची कविता आहे. घास हातात धरून बसलेली बाई मला लगेच दिसली. त्या चार ओळींत मला कोणीच दिसलं नाही. गेली वीसेक वर्षं मी कविता लिहिणाऱ्यांबरोबर बसते, त्यांचे कागद वाचते, आणि पोटातल्या बाळाला लिहिलेल्या कविता इतक्या वाचल्यात की त्या कुठे घसरतात ते आता पाठ झालंय, जवळजवळ प्रत्येकीत स्वप्न असतं, इवलंसं पाऊल असतं, उजळणारं जग असतं, आणि ते लिहिणाऱ्या प्रत्येकीने मला चहा पिता पिता किंवा फोनवर एखादी अशी गोष्ट सांगितलेली असते जी कागदावर आलेलीच नसते. ती का येत नाही? कारण ती "कवितेसारखी" वाटत नाही, आणि भीतीची असेल तर लिहायलाच हात धजत नाही.

पहिल्या ओळीपासून सुरू करू. "तू लवकर ये." हे प्रेमाने लिहिलंय, वाट बघणारं माणूस असंच म्हणतं, कोणाचीही वाट बघताना आपण असंच म्हणतो. पण तुम्ही २८व्या आठवड्यात आहात. बाळाचे पूर्ण दिवस ३७ आठवड्यांच्या पुढे भरतात, तारीख ४० आठवड्यांची देतात. आत्ता ते साधारण एक किलोचं आहे, आणि फुप्फुसं ही अगदी उशिरा तयार होणारी गोष्ट आहे, ती अजून बाहेरच्या हवेसाठी पूर्ण तयार नाहीत. म्हणजे आज, ह्या आठवड्यात, तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटत असेल तर ते लवकर येण्याची! आणि कविता नेमकं तेच मागतेय. तुम्हाला हे लिहिताना जाणवलं नाही कारण ती ओळ तुम्ही लिहिलेलीच नाहीये, ती आधीपासून हवेत होती, तुम्ही फक्त उतरवून घेतलीत. ग्रीटिंग कार्डासारखं जे वाटतंय ना ते हेच, वाक्य तुमच्या आठवड्याचं नाहीये.

आता ती उलटी करून बघा. "बाळा, घाई करू नकोस." एवढंच. ह्यात वाट बघणं आहे का? आहे, घाई करू नकोस असं आपण येणाऱ्यालाच म्हणतो. भीती आहे का? आहे, "नकोस"मध्ये आहे. एका ओळीत दोन्ही आलं आणि भीती हा शब्द कुठे वापरावा लागला नाही. मला ह्या विषयावर जे सांगायचंय ते खरं तर एवढंच आहे, आशा आणि भीती ही नामं म्हणून कवितेत आणायची नसतात, ती क्रियापदात बसवायची. कुठला काळ, कुठला अर्थ, होकार की नकार, ह्याच्यावर सगळं ठरतं. आणि मराठीत तर हे आणखी महत्त्वाचं आहे, त्याचं कारण तुमच्या चौथ्या ओळीत आहे.

"पण तू आलास की." आलास. मुलगा ठरवलात तुम्ही, बहुतेक नकळत. आपल्या भाषेची ही अडचण सगळ्या आयांना येते, बाळाला तू म्हटलं की क्रियापद लगेच विचारतं, मुलगा की मुलगी? आलास, आलीस. ऐकतोस, ऐकतेस. झोपलायस, झोपलीयस. बोलताना आपण पटकन काहीतरी एक म्हणून मोकळे होतो, पण कविता लिहून ठेवलेली राहते. मी स्वतः चौथ्या महिन्यात वहीत लिहिलं होतं "तू माझं गाणं ऐकतोस". मुलगी झाली. ती नऊ वर्षांची असताना तिला वही सापडली, तिने शांतपणे वाचलं आणि विचारलं, "आई, हे कुणाला लिहिलंय?" मी सांगितलं तुलाच, तर तिने बोट ठेवलं, ऐकतोस ह्या शब्दावर. मी काहीतरी समजावलं तिला, पण ते बोट मला अजून आठवतं. शिवाय ओळ दुसऱ्याही अर्थाने चुकीची होती, बाळ आवाजाला नीट प्रतिसाद द्यायला लागतं ते साधारण सहाव्या महिन्याच्या पुढे, चौथ्या महिन्यात ते गाणं काही ऐकत नव्हतं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

मग काय करायचं? बऱ्याच जणी "आलास किंवा आलीस" असं लिहितात, मध्ये तिरकी रेघ मारतात, ते फॉर्म भरल्यासारखं दिसतं. काही जणी नपुंसकलिंगी वापरतात, "हललंस", "आलंस". ते चुकीचं नाही, घरात लहान बाळाला आपण लाडाने म्हणतोच, "कुठे गेलं होतंस". पण पूर्ण कविता त्यात गेली तर सगळंच बोबडं व्हायला लागतं आणि भीतीच्या ओळीपाशी ते सूर धरत नाही. एखाद्या ठिकाणी, खरंच लाड करायचा असेल तिथे, वापरा.

त्यापेक्षा मराठीत अशा कितीतरी रचना आहेत जिथे बाळाचं लिंग उघड होतच नाही, आणि गंमत म्हणजे त्या प्रत्येकीचा भाव वेगळा आहे. आज्ञार्थ घ्या, ये, थांब, ऐक, घाई करू नकोस. मुलगा मुलगी काही कळत नाही, आणि हा आत्ताचा, तोंडाशी तोंड असल्यासारखा सूर आहे. भविष्यकाळ घ्या, येशील, धावशील, विसरशील, इथेही काही कळत नाही, हा आशेचा काळ. "णार" घेतलं तरी चालतं, तू वळणार नाहीस, ह्यात थोडी खात्री येते, थोडा कडकपणा. मग विध्यर्थ, तू यावंस, तू हसावंस. मला हा सगळ्यात आवडतो कारण "यावंस"मध्ये इच्छा आहे आणि ती पूर्ण होईल ह्याची गॅरंटी नाही, "येशील" म्हणणारी आई ठाम असते, "यावंस" म्हणणारीचा आवाज किंचित हलतो.

आणि भूतकाळ? इथे सगळ्या अडतात. हललास, फिरलीस, ह्यात कळतं. पण क्रियापद सकर्मक घेतलं की ते बहुतेकदा बाळाशी नाही, कर्माशी जुळतं. "तू लाथ मारलीस." इथे "ली" ही लाथेची आहे, बाळाची नाही, मुलगा असो मुलगी असो वाक्य तेच. "तू मला उठवलंस." तेच. आणि "तुला उचकी लागली", इथे लागली ती उचकी. म्हणजे बाळाने खरोखर केलेल्या गोष्टी, घडून गेलेल्या, पुराव्यासारख्या, तुम्ही निर्धास्त लिहू शकता. हे व्याकरणाचं तांत्रिक वाटेल पण ह्याने कविता आपोआप सुधारते, कारण "तू हललास" एवढं ढोबळ लिहिता आलं नाही की तुम्हाला नेमकं काय झालं ते शोधावं लागतं, लाथ होती की उचकी की कूस बदलली, कुठे जाणवलं, किती वाजता.

सगळ्यात जास्त गळती कुठे होते सांगू का, बोलण्यातल्या वर्तमानकाळात. झोपलायस, ऐकतोयस, वाढतेयस. ड्राफ्ट झाला की फक्त हे शोधायला एकदा पूर्ण वाचा. "माझा राजा", "माझी परी" हेही त्यातच. "बाळा" मात्र दोघांना चालतं, आणि "तुझा, तुझी, तुझं" बिनधास्त वापरा, ते पुढच्या नामाशी जुळतात, बाळाशी नाही.

एक छोटी गोष्ट मला ह्यात फार सुंदर वाटते. आई म्हणून तुमची क्रियापदं मात्र स्पष्ट बाईची राहतात, मी वळते, मी थांबले, मी विसरले. म्हणजे कवितेत बोलणारी कोण आहे ते प्रत्येक ओळीत कळतं आणि ऐकणारं कोण आहे ते शेवटपर्यंत कळत नाही, जसं तुमचं आत्ता खरोखर आहे तसंच.

आता तिसरी ओळ, "कधीकधी भीती वाटते मला खूप". ही ओळ खरी आहे, मला माहितीये. पण वाचणाऱ्याला ती फक्त कळते. भीती कशाची, कधी, शरीरात कुठे, काहीच नाही, आणि "खूप" म्हटल्याने ती वाढत नाही. त्यात लगेच खाली "पण" येतो. हा "पण" ह्या प्रकारच्या कवितांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, अगदी कळकळीने सांगते. भीती एक ओळ उभी राहते न राहते तोच "पण" येऊन तिला खाली बसवतो, सगळं ठीक होईल. वाचणाऱ्याला कळतं की लिहिणारी घाबरून पुढे पळाली. आणि अजून एक, "तू आलास की सगळं ठीक होईल" ह्यात आईची भीती दूर करायचं काम बाळावर टाकलंय. एक किलोच्या जिवावर! तुमच्या मनात तसं नक्कीच नसेल, पण उद्या ते मूल मोठं होऊन हे वाचेल तेव्हा त्याला ते वजन लागेल.

"पण" नसेल तर भीतीकडून आशेकडे जायचं कसं? काहीतरी घडवून. तुमच्याकडे ते घडलेलं आहेच. रात्री तुम्ही मोजत बसता, मग कधीतरी लाथ बसते. तिथे "पण" लागत नाही, दोन घटना एकाखाली एक ठेवल्या की झालं. वाईट काहीतरी लिहिल्यासारखं वाटतं हे मी समजू शकते, बऱ्याच जणींनी मला ते सांगितलंय, आणि ज्यांना नकोच वाटतं त्यांना मी कधी आग्रह करत नाही. पण तुम्ही वाईट लिहीत नाही आहात, तुम्ही जागं राहण्याबद्दल लिहिताय.

ह्या ठिकाणी ओळ कुठे तोडायची ह्याला फार महत्त्व आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणजे काय झालं ते आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं. "आज रात्री तुझी काहीच हालचाल नाही" असं एका ओळीत लिहिलंत तर डोळा निकालापर्यंत सरळ पोचतो. "आज रात्री मात्र अजून" इथे ओळ तोडा. पुढे काय येणार हे वाचणाऱ्याला माहीत नाही, त्या कोऱ्या जागेत तो तुमच्याबरोबर क्षणभर थांबतो, मग खालच्या ओळीत "काहीच नाही". ती थांबलेली जागा म्हणजे तुमची रात्र. असं दर ओळीला करू नका, पूर्ण कवितेत एकदा, फार तर दोनदा, नाहीतर ती युक्ती म्हणून दिसायला लागते.

अभंगाचं विचारलंत. मोठ्या अभंगात चार चरण, पहिले तीन सहा सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या तिसऱ्याला यमक. अक्षरं नुसती मोजायची, लघु गुरू बघायचं नाही, त्यामुळे सोपं वाटतं. तुमच्याच रात्रीवर मी एक जमवून बघितला:

अंधारात तुझी
चाले धडधड
माझी परवड
जागरणी

मोजून बघा, ६, ६, ६, ४, बरोबर आहे. पण परवड! तुमची परवड चाललीय का? नाही. तो शब्द धडधडीने ओढून आणला. "जागरणी"सुद्धा चार अक्षरं भरायला आला. आणि चौथ्या चरणावर लय अशी छान खाली बसते की भीती शांत होऊन जाते, म्हणायला गोड, पण तुमचं जागणं त्यात झोपून गेलं. जिच्या अंगात ही लय मुरलीय तिने जरूर लिहावं. तुमच्या प्रश्नाची भाषा मोकळी आहे, वाक्यं लांब जातात मधेच थांबतात, तुम्हाला मुक्तछंद बरा. फक्त मुक्तछंद म्हणजे वाक्य कुठेही तोडणं नाही, जिथे श्वास अडकतो तिथे तोडायचं, वर सांगितलं तसं.

आता आपण तुमचाच ड्राफ्ट घेऊन बसू. मी तुमच्या प्रश्नातल्या गोष्टी वापरते, दोनतीन ठिकाणी माझं घालते, ते तुम्ही नंतर काढून तुमचं टाका.

सुरुवात "घाई करू नकोस"ने. पुढे का ते सांगावंसं वाटेल, तुझी फुप्फुसं तयार नाहीत वगैरे. मी आधी "तुझी फुप्फुसं अजून कच्ची आहेत" असं लिहून बघितलं, खरं आहे पण रिपोर्टसारखं झालं. मग विचार केला की आत बाळ श्वासाची हालचाल करतं, म्हणजे छाती हलवून सराव करतं, पण आत हवा नसते, सगळं पाणी. हवा नसताना श्वास शिकणं. हे मला तुमच्या दोन्ही भावनांच्या जवळ जाणारं वाटलं, म्हणून ते घेतलं. अशी एखादी शरीरातली खरी गोष्ट असली की "इवलंसं स्वप्न" लागत नाही. अर्थात एकच घ्या. मी असे ड्राफ्ट बघितलेत ज्यात पापण्या, बोटांचे ठसे, हृदयाचे ठोके, सगळं आलेलं असतं आणि आई कुठेच नसते.

दुसरा तुकडा उचकीचा. इथे काही सजवायचं नाही, फक्त क्रम लावायचा, काल, जेवताना, उचकी, घास. "मी आनंदाने थबकले" असं लिहू नका, घास हातात धरून थांबलेलं माणूस दिसलं की आनंद येतोच.

तिसरा रात्रीचा. मोजण्यातला आकडा कसा दाखवायचा ह्यावर मी बराच वेळ घालवला. "मी मोजते एक, दोन, तीन" असं लिहिलं तर बाळ हलतंय असा अर्थ होतो. भीती तेव्हाच आहे जेव्हा मोजणं सुरूच होत नाही. आणि मग लाथ बसते तेव्हा? तेव्हा आईने "एक" म्हणावं की? मला वाटलं नाही म्हणणार ती, ती मोजायचं विसरूनच जाईल. आनंद हा शब्द न वापरता तो इथे आला.

इथे कविता संपवता आली असती. बऱ्याच जणी इथे संपवतील आणि ते चांगलंच होईल. पण तुम्ही आशा म्हणालात, आणि आशा म्हणजे पुढचं काहीतरी हवं, भविष्यकाळ हवा. पहिल्या ड्राफ्टात भविष्यकाळ होता "उजळेल माझं जग". मी तो भविष्यकाळ ठेवला पण त्यात भीती घातली. भीती भविष्यकाळात नेली की तिच्यात आशा आपोआप येते, कारण तुम्ही ज्याच्यासाठी घाबरताय ते मूल तोपर्यंत मोठं झालेलं असतं, बाहेर पडायला, दार आपटायला, न ऐकायला. त्यासाठी आशा वेगळी लिहावी लागत नाही. हे असं झालं:

बाळा, घाई करू नकोस.
अजून बारा आठवडे आहेत,
अजून श्वास शिकायचाय तुला
जिथे हवा नाही तिथे राहून.

काल जेवताना तुला उचकी लागली,
माझं पोट बराच वेळ टिकटिकत राहिलं,
मी घास हातात धरून थांबले
तुझं होईपर्यंत.

आज रात्री मात्र अजून
काहीच नाही.
मी डाव्या कुशीवर वळते,
पोटावर हात ठेवते,
मोजायला बसते आणि आकडा
सुरूच होत नाही.

तू लाथ मारलीस.
मी एक म्हणायचं विसरले.

पुढे कधीतरी तू दार आपटून जाशील,
मी हाक मारेन, तू वळणार नाहीस,
मला भीती वाटेल, अशीच,
फक्त हात कुठे ठेवायचा
ते कळणार नाही.

क्रियापदं बघा. बाळाची सगळी अशी आहेत की मुलगा की मुलगी कळत नाही, करू नकोस, शिकायचाय तुला, उचकी लागली, लाथ मारलीस, जाशील, वळणार नाहीस. "शिकायचाय" जुळतंय ते श्वासाशी. "भीती" हा शब्द एकदाच आला, अगदी शेवटाकडे, तोपर्यंत वाचणाऱ्याला ती रात्र माहीत झालेली आहे म्हणून तिथे तो शब्द चालतो. "अशीच" वर मी एकदा काट मारली होती, मग परत घेतला, कारण तो आजची रात्र आणि ती पुढची संध्याकाळ बांधतो. "टिकटिकत" बद्दल मला अजून खात्री नाही, उचकी तालात येते म्हणून घड्याळाचा शब्द सुचला, पण तुम्हाला ती कशी जाणवली हे तुम्हीच सांगू शकता, बुडबुड्यासारखी असेल, कोणी आतून टिचकी मारल्यासारखी असेल. तिथे तुमचा शब्द टाकाच. दार आपटणं पण माझं आहे, माझ्या घरात ते भरपूर झालंय. तुमच्या मनात पुढचं कुठलं चित्र येतं ज्यात ते मूल तुमच्या हाताबाहेर गेलेलं असेल? रस्ता ओलांडताना, पाण्यात उतरताना, काहीही, फक्त ते छोटं आणि रोजचं असू द्या. मोठा अपघात वगैरे आणलात की हलकी भीती राहणार नाही, कविता त्याच्याखाली दबेल. तुम्ही "थोडी भीती" म्हणालात, त्या थोडीला धरून राहा.

जमलंय की नाही कसं ओळखायचं तर मी दोन गोष्टी करते. पहिली, ही कविता २० आठवडे असलेल्या दुसऱ्या बाईच्या नावावर टाकून बघते. जशीच्या तशी चालली तर ती अजून कोणाचीच नाही. ही नाही चालणार, बारा आठवडे आणि उचकी तिला अडवतात. दुसरी, मोठ्याने वाचायची, पोटावर हात ठेवून, बाळाला. कागदावर चाललेली ओळ बाळाला म्हणताना जीभ अडखळली तर ती ओळ तुम्ही लोकांसाठी लिहिलीत. "इवल्याशा स्वप्ना" असं मोठ्याने म्हणून बघा, लगेच कळेल. आत्ता ते ऐकतंय हे लक्षात ठेवा, तुमचा आवाज त्याला बाहेरून हवेतून येतो तसाच तुमच्या शरीरातूनही पोचतो, त्यामुळे सगळ्यांत तुमचाच जास्त स्पष्ट. शब्द नाही कळत अर्थात, चढउतार कळतो. म्हणून "काहीच नाही" ही ओळ म्हणताना आवाज फार पाडू नका, नुसती म्हणा आणि पुढे जा.

वहीत तारीख आणि आठवडा लिहून ठेवा. ३४व्या आठवड्यात परत उघडलीत तर "बारा आठवडे"चे सहा झालेले असतील, तेव्हा ही दुरुस्त करू नका, ही २८व्याचीच राहू द्या आणि नवी लिहा. आणि तो उचकीचा शब्द सापडला की मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.